चौथी ओळ की सहावी

परतूरच्या शाळेत नववीला आम्हाला गणित शिकवणारे सर वही तपासताना कधीच अख्ख्या गणितावर फुली मारायचे नाहीत. पहिल्या ओळीपासून पेन्सिल खाली सरकवत यायचे आणि जिथं चूक सुरू झाली त्या ओळीच्या डाव्या बाजूला एक बारीक ठिपका द्यायचे. त्याच्या पुढचं वाचायचेच नाहीत. मी एकदा तक्रार केली होती, "सर, खालच्या ओळी तर बराबर आहेत." सर म्हणाले होते, "बेटा, तू शहागडला जाणाऱ्या गाडीऐवजी जालन्याच्या गाडीत बसलीस. आता रस्ता कितीबी चांगला असला, मला काय करायचंय त्याचं?"

सरांच्या घरी उर्दू बोलत, पण शाळा मराठी माध्यमाची, आणि मराठीतून गणित शिकवणारा असा माणूस मी नंतर पाहिला नाही. माझ्या वस्तीतून विज्ञान शाखेला गेलेली मी पहिली मुलगी. फॉर्म भरायच्या दिवशी वडील तालुक्याला गेलेले होते, तेव्हा सरच माझ्यासोबत कॉलेजच्या खिडकीपाशी उभे राहिले. पुढं मी गणितात एम.एस्सी. केलं. लग्न होऊन अंबडला आले आणि एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. हे सगळं सांगायचं कारण, ज्या माणसाशी मी जे केलं तो माणूस कोण होता हे आधी कळायला पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजमधल्या माझ्या तासिका निम्म्या झाल्या. त्याच सुमारास एका ओळखीच्या प्राध्यापकांनी घरबसल्या करण्याचं एक काम सुचवलं. संगणक मराठीतून गणितं सोडवायला शिकत होता, आणि त्याची उत्तरं तपासायला माणसं पाहिजे होती. पडद्यावर वर प्रश्न असे, खाली क्रमांक घातलेल्या ओळींत संगणकाने केलेली मांडणी. आपण एकेक ओळ वाचायची आणि तर्क पहिल्यांदा जिथं चुकला त्या ओळीचा क्रमांक द्यायचा. कुठंच चुकला नसेल तर 'चूक नाही' असं निवडायचं. शेजारी शेऱ्यासाठी एका ओळीची चौकट.

ऐकायला सोपं वाटतं, पण तसं नाही. समजा दुसऱ्या ओळीत सात आठे चोपन्न लिहिलंय आणि तिसऱ्या ओळीत चोपन्न अधिक सहा बरोबर साठ. तिसरी ओळ तिच्यापुरती खरी आहे. उत्तर द्यायचं ते दोन. कधी शेवटचं उत्तर बरोबर असतं आणि वाट चुकीची. सोळा छेद चौसष्ट या अपूर्णांकात वरचा आणि खालचा सहा खोडून कुणी एक चतुर्थांश लिहिलं तर उत्तर बरोबरच येतं, पण ओळ चूक ती चूकच. उलट एखादी ओळ लांबच्या रस्त्यानं गेलेली असते, वेडीवाकडी असते, तरी चूक नसते. तिला हात लावायचा नाही.

नियम वाचतानाच मला सर आठवले. हे तर ते जन्मभर करत आले होते.

सर तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बायको गेल्यापासून त्यांनी बोलणं कमी केलं होतं. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात, आणि परतूरला सून, नात आणि सर. भाभी, म्हणजे त्यांची सून, मला फोनवर सांगायची की दिवसदिवस खुर्चीत बसून राहतात, विचारलं तेवढंच बोलतात. मी एका रविवारी लॅपटॉप घेऊन गेले आणि सरांना दोन-चार गणितं दाखवली. सर पडद्याच्या इतके जवळ आले की त्यांचा श्वास काचेवर उमटायला लागला.

"हे मशीननं केलंय?"

"हो सर."

"अक्षर नाही, पण हुशार पोराची खोड आहे याला. जिथं येत न्हाई तिथं जल्दी करतो."

सरांनी चाचणी दिली आणि पहिल्याच फेरीत निवड झाली. मुलानं पुण्याहून मोठ्या पडद्याचा संगणक पाठवला. सर प्रत्येक गणित आधी वहीत स्वतः सोडवायचे, मग संगणकाचं वाचायचे. माझ्या निम्म्या वेगानंही त्यांचं काम होत नसे. पण सरावाच्या संचात एक गणित होतं, त्यात x पाचापेक्षा लहान आहे असं दिलेलं. संगणकाचं उत्तर सोबत दिलेल्या उत्तराशी जुळत होतं आणि मी 'चूक नाही' दिलं होतं. सरांचा फोन आला, "तिसरी ओळ बघ." तिसऱ्या ओळीत (x − 5) च्या वर्गाचं वर्गमूळ काढताना सरळ x − 5 लिहिलं होतं. x पाचापेक्षा लहान, म्हणजे x − 5 ऋण, आणि वर्गमूळ ऋण येत नाही. तिथं 5 − x पाहिजे होतं. पुढं सहाव्या ओळीत चिन्हाची आणखी एक चूक झाली होती आणि दोन्ही चुका एकमेकींना खाऊन उत्तर बरोबर आलं होतं. सर फोनवर मोठ्यानं हसले. भाभी नंतर म्हणाली, अम्मी गेल्यापासून घरात त्यांच्या हसण्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

तीन महिन्यांनी मला वरचं काम मिळालं. प्रत्येक गणित दोन माणसं वेगवेगळी तपासायची. दोघांचं जुळलं तर ठीक. जुळलं नाही तर ते तिसऱ्याकडे जायचं आणि तिसऱ्याचा निर्णय अखेरचा. अशा बऱ्याच तिसऱ्यांपैकी मी एक झाले. तपासणाऱ्यांची नावं मला दिसत नसत, फक्त त्यांनी दिलेले क्रमांक आणि शेरे. ज्याचे निर्णय तिसऱ्याशी वारंवार जुळत नाहीत त्याला कामावरून कमी केलं जातं, एवढं मला माहीत होतं. सर आपल्या जागीच राहिले. त्यांनी माझं अभिनंदन केलं, भाभीला सांगून शिरखुर्मा करवला, ईद नसताना.

नाव दिसत नसलं तरी सरांचा शेरा मी पहिल्या दिवशीच ओळखला. 'भागण्याआधी विचारलं का?' आमच्या वर्गात हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की पोरं त्यांची नक्कल करायची. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना कशानंही भागायचं असेल तर आधी विचारायचं, हे शून्य तर नाही ना? शून्यानं भागता येत नाही.

खरं तर ओळखल्याबरोबर मी ते काम दुसऱ्याकडे पाठवायला पाहिजे होतं. तशी सोय होती, 'निर्णय देता येत नाही' असं बटण होतं. मी ते दाबलं नाही. मला वाटलं, सरांचं काम कुणा परक्याकडे जाण्यापेक्षा माझ्याकडे आलेलं बरं.

एका दुपारी पहिले तीन मतभेद आले, त्यात सर जास्त कडक झाले होते. संगणकानं भागलं होतं, भाजक शून्य नाही हे लिहिलं नव्हतं, पण प्रश्नात सगळ्या संख्या धन दिल्या होत्या, तेव्हा भाजक शून्य होणं शक्यच नव्हतं. कारण न लिहिणं म्हणजे चूक नव्हे, हे नियमात स्पष्ट होतं. मी तिन्ही वेळा सरांच्या विरुद्ध निर्णय दिला. आजही ते तिन्ही निर्णय बरोबर आहेत असं मला वाटतं.

पण ते देताना मला जे वाटलं ते लिहायला अवघड आहे. थोडं बरं वाटलं होतं. सरांना मी पकडू शकते, हे बरं वाटलं होतं.

चौथं गणित त्याच दुपारी आलं. कॉलेजातून येऊन जेवून बसले होते, आणि एकाच धर्तीची गणितं एकामागून एक येत होती. a, b, c या तीन संख्या. a भागिले (b + c), b भागिले (c + a), c भागिले (a + b) ही तिन्ही गुणोत्तरं समान आहेत. तर (b + c)(c + a)(a + b) या गुणाकाराला abc ने भागलं तर कोणकोणत्या किमती येऊ शकतात? आधीच्या पाच-सहा प्रश्नांत 'धन संख्या' असं होतं. या प्रश्नात 'शून्य नसलेल्या वास्तव संख्या' असं होतं.

संगणकाची मांडणी अशी होती. पहिल्या ओळीत समान गुणोत्तराला k म्हटलं. दुसरीत a = k(b + c), b = k(c + a), c = k(a + b). तिसरीत तिन्हींची बेरीज, a + b + c = 2k(a + b + c). चौथीत लिहिलं होतं: a, b, c शून्य नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंना a + b + c ने भागून 2k = 1, म्हणजे k = 1/2. पाचवीत b + c = 2a, c + a = 2b, a + b = 2c. सहावीत गुणाकार: 2a × 2b × 2c = 6abc. सातवीत उत्तर, सहा.

सहावी ओळ ओरडून सांगत होती. दोन गुणिले दोन गुणिले दोन आठ होतात, सहा नाही. एका तपासणाऱ्यानं सहावी ओळ दिली होती. दुसऱ्यानं चौथी, आणि शेरा: 'भागण्याआधी विचारलं का?'

मी मनात म्हणाले, विचारलंय की सर. या वेळी तर लिहिलंय सुद्धा, a, b, c शून्य नाहीत. मी सहावीवर बोट ठेवलं आणि पुढं गेले. या सगळ्याला एक मिनिटही लागलं नसेल.

चार-पाच दिवसांनी सरांचा फोन आला. सर एरवी फोन केला की आधी माझ्या मुलीची चौकशी करत, मग कामाचं. त्या दिवशी थेट म्हणाले, "बेटा, मला काढून टाकलं."

"कुणी?"

"त्याच लोकांनी. चिठ्ठी आली. तुमच्या कामाची अचूकता अपेक्षेपेक्षा कमी आहे म्हणून."

हे कशामुळे झालं ते मला कळायला पाहिजे होतं, आणि कळलंही. मी म्हणाले, "सर, ते मशीनच ठरवतं. त्याचं काय मनावर घ्यायचं."

"मशीन न्हाई. तिसरा माणूस बघतो, तूच सांगितलं होतं ना." मग म्हणाले, "माझ्या मोठ्या भावाचं असंच सुरू झाल्तं. आधी त्याच्या बेरजा चुकायला लागल्या. आम्ही हसायचो. मंग एक दिवस मला विचारलं, तुम्ही कोण म्हणून."

"तसं काही नाही सर."

"मला वाटून राह्यलं होतं की मी बराबर आहे. हेच तर वाईट आहे. चुकणाऱ्याला तसंच वाटतं."

मी आणखी काहीतरी बोलले, वयोमानाचं, डोळ्यांचं. तिसरी मीच आहे हे सांगितलं नाही. मला तेव्हा खात्री होती की सर चुकले होते. त्यांना जपण्यासाठी मी गप्प बसले असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतर तीन आठवडे गेले असतील. माझ्याकडे तोच प्रश्न पुन्हा आला, मांडणी मात्र वेगळी. या वेळी संगणकानं दोन उत्तरं दिली होती, आठ आणि उणे एक. चौथ्या ओळीत त्यानं दोन शक्यता घेतल्या होत्या: a + b + c शून्य नसेल तर k = 1/2, आणि a + b + c शून्य असेल तर b + c = −a, म्हणून k = −1. मी 'चौथी ओळ चूक' असं द्यायला निघाले होते. a, b, c शून्य नाहीत, तर ही दुसरी शक्यता आली कुठून? शेऱ्यात लिहायला एखादं उदाहरण असावं म्हणून कागदावर तीन संख्या लिहिल्या. एक, एक आणि उणे दोन.

तिन्ही शून्य नाहीत, पण बेरीज शून्य. b + c म्हणजे उणे एक, आणि a भागिले उणे एक, उणे एक. b चंही तेच. a + b म्हणजे दोन, आणि उणे दोन भागिले दोन, उणे एक. तिन्ही गुणोत्तरं समान. कुठलाही छेद शून्य नाही. गुणाकार, उणे एक गुणिले उणे एक गुणिले दोन, दोन. abc उणे दोन. उत्तर उणे एक.

मी ते पुन्हा करून बघितलं. मग परत एकदा केलं. संख्या सुट्या सुट्या शून्य नाहीत म्हणून त्यांची बेरीज शून्य नाही असं होत नाही. नववीच्या मुलाला कळतं हे. समान गुणोत्तराच्या धड्यात सरांनी आम्हाला हेच शिकवलं होतं, दोन्ही शक्यता फळ्यावर वेगवेगळ्या चौकटींत लिहून.

मी माझे जुने निर्णय उघडले. ते गणित सापडलं. चौथी ओळ, तिच्यातलं 'म्हणून', आणि खाली सरांचा शेरा. त्या 'म्हणून'च्या जागी तर्क तुटला होता. सहावी ओळ चूक होती, पण पहिली चूक ती नव्हती. सर बरोबर होते. ज्यानं सहा दिलं तो चुकला होता आणि त्याला मी बरोबर ठरवलं होतं.

मी कंपनीला लिहिलं. गणित, उदाहरण, दोन्ही निर्णय, सगळं सविस्तर. हेही लिहिलं की या चुकीमुळे कुणाला कमी केलं असेल तर त्याचा फेरविचार व्हावा. तीन दिवसांनी उत्तर आलं. नोंद दुरुस्त केली आहे, कळवल्याबद्दल आभार. बंद केलेली खाती पुन्हा सुरू करता येत नाहीत. मी परत लिहिलं, तेव्हा तेच उत्तर तसंच्या तसं आलं.

एवढं झाल्यावर मी त्याच दिवशी परतूरला जायला पाहिजे होतं. मी आणखी दहा दिवस घेतले. कॉलेजात परीक्षा आहेत, मुलीला ताप आहे, असं करत राहिले. ताप दोन दिवसांत उतरला होता.

शेवटी एका शनिवारी सकाळी निघाले, घनसावंगीला गाडी बदलली, बाराच्या सुमाराला पोचले. दार भाभीनं उघडलं. तिनं मला आधी स्वयंपाकघरातच नेलं.

"बाजी, बरं झालं आलात. अब्बा बिलकुल बदलून गेले. रोजच्या गोळ्या मोजून घेतात आणि मला परत मोजायला लावतात. पोरीनं गणित विचारलं तर म्हणतात, दुसऱ्याला विचार, माझा भरोसा न्हाई. जालन्याला डॉक्टरकडे नेलं होतं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"शंभरातून सात सात कमी करत जा म्हणले. अब्बांनी एका दमात दोनपर्यंत नेलं. डॉक्टर म्हणले काहीच न्हाई यांना. तर अब्बा म्हणतात, हे तर मला पाठ आहे, याच्यावरून काय कळतं?"

सर आतल्या खोलीत खाटेवर बसले होते. संगणकावर चादर टाकलेली. कोपऱ्यातलं पुस्तकांचं कपाट रिकामं होतं, पुस्तकं शाळेला देऊन टाकली होती. माझा सलाम घेतला आणि बस म्हणाले. मी चहा येईपर्यंतसुद्धा थांबले नाही, थांबले असते तर बोलले नसते.

"सर, तुमची एक ओळ बरोबर होती. चौथी."

त्यांना कळलं नाही. मी पिशवीतून कागद काढला, त्यावर प्रश्न आणि सातही ओळी लिहून आणल्या होत्या. सरांनी तो हातात घेतला नाही.

"तू मला समजवायला आलीस बेटा. राहू दे."

"समजवायला नाही. तुम्ही बघा."

"मी बघून काय उपयोग?"

मग मी नुसतं म्हणाले, "एक, एक, उणे दोन."

सरांचे ओठ हलायला लागले. डोळे मिटून घेतले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला कळत होतं ते कुठवर आलेत, पहिलं गुणोत्तर, दुसरं, तिसरं. डोळे उघडून त्यांनी कागद घेतला, चष्मा वर सरकवला, नाकाशी धरून ओळी वाचल्या. चौथ्या ओळीवर थांबले. खालच्या वाचल्या नाहीत.

"बराबर आहे," ते म्हणाले. "चारच आहे." आणि मग, "मंग माझं कुणी काटलं?"

"मी, सर."

बाहेर नात कुणाशी तरी खेळत होती, तिचा आवाज येत होता. सर कागदाकडेच बघत होते.

"माझ्या गणिताला तिसरी तू होतीस?"

"हो."

"माझा शेरा वाचला होता?"

"वाचला होता."

"माझा आहे हे ओळखलंस?"

खोटं बोलता आलं असतं. नावं दिसत नाहीत हे त्यांना माहीत होतं. मी म्हणाले, "ओळखलं होतं सर."

ते रागावतील, किंवा निदान विचारतील की असं का केलंस, अशी माझी तयारी होती. माझ्याकडे उत्तरंही होती, आधीचे तीन निर्णय, दुपारची वेळ, एकासारखी एक गणितं. त्यांनी विचारलं नाही. कागदाची घडी घातली, परत उघडली आणि माझ्याकडे दिली.

"मी डॉक्टरकडे गेल्तो," ते म्हणाले. "पोराला पुण्याहून बोलावून घेतलं. त्याला सांगितलं, माझं हे सुरू झालं, तुझ्या काकाचं झाल्तं तसं. तो माझ्यासमोर रडला. आणि तू फोनवर मला म्हणालीस, मशीन ठरवतं."

"सर, माझी चूक झाली."

"चूक तर झालीच. ते वेगळं." एवढंच. भाभी चहा घेऊन आली. सरांनी तिला सांगितलं, मला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नकोस. मग ते नमाजाची वेळ झाली म्हणून उठले आणि वजू करायला गेले. मी जेवले. सर नंतर आलेच नाहीत, मशिदीतून परस्पर कुणाकडे गेले असं भाभी म्हणाली. मी साडेतीनच्या गाडीनं परत आले.

ते काम मी लगेच सोडलं नाही. सोडलं असतं तर लिहायला बरं दिसलं असतं. आणखी चार महिने केलं. फक्त प्रत्येक 'म्हणून'पाशी थांबायला लागले, खरंच यातून हे निघतं का, म्हणून उदाहरणं घालून बघायला लागले. माझा वेग इतका उतरला की मला तिसरीच्या जागेवरून काढून पुन्हा साध्या तपासणीवर टाकलं, आणि मग काम येणंच बंद झालं. सरांच्या शेऱ्यासारखा शेरा त्या काळात मला पुन्हा कुठं दिसला नाही.

सरांकडे मी जाते, वर्षातून तीन-चारदा. ते नीट बोलतात, मुलीची चौकशी करतात, परतूरला आता कोणती गाडी थांबते नि कोणती थांबत नाही ते सांगतात. गणिताचा विषय माझ्याशी काढत नाहीत. मी एकदा काढून बघितला, कॉलेजात काय शिकवते ते सांगायला लागले, तर त्यांनी भाभीला हाक मारून पाणी मागितलं.

त्यांच्या डोक्याला काहीच झालेलं नाही, हे आता घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. नातीला ते पुन्हा गणित शिकवतात. गेल्या वेळी मी गेले तेव्हा ती दहावीची तयारी करत होती, मला बाहेर सोडायला आली तेव्हा तिला विचारलं, दादाअब्बा शिकवतात का चांगलं?

"चांगलं शिकवतात," ती म्हणाली. "पण प्रत्येक गणित झालं की आधी पुस्तकाच्या मागचं उत्तर बघायला लावतात. जुळलं तरच पुढं जातात. मी म्हणते, दादाअब्बा, तुमचं बराबरच असतं. तरी बघ म्हणतात."

गाडीला वेळ होता. मी तिला घरात जा म्हणाले आणि स्टँडपर्यंत पायी गेले.